फिक्या राखाडी रंगातलं बिल

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. पंचेचाळिशी उलटली, केस पिकले, तरी धाकटीच. भावाच्या घरातली मागची खोली तिची. तिथेच झोपायचं आणि तिथेच कंपन्यांची माहितीपत्रकं, खोकी, बोधचिन्हं करायची. हात असा सुबक की अक्षर केसभर सरकलं तरी तिला जेवण जात नसे. पैसे मागायची वेळ आली की मात्र तोंडात मिठाची गुळणी.

खुर्च्यांच्या एका कारखान्याचा कॅटलॉग तिने केला, छापूनही दिला. छापखानेवाला उधारी ठेवत नाही, म्हणून त्याचे पैसे वहिनीने आपल्या ठेवीतून दिले. ठेव गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी होती. “आले की लगेच देते,” धाकटी म्हणाली. कारखान्याने तीस दिवसांत पैसे द्यायचे होते. चार महिने झाले, वर कारखान्याने नव्या कॅटलॉगचंही विचारलं होतं.

वहिनी भिंतीला धरून चालायची. ऑपरेशनचं विचारलं की म्हणायची, “डॉक्टर परगावी गेलेत गं. घाई कुठे आहे?” धाकटीला तेवढंच बरं वाटायचं.

वहिनीने शाळेच्या ऑफिसात उभी हयात घालवलेली. जिभेला हाड नाही. एका दुपारी तिने धाकटीचे जुने मेल वाचायला मागितले. ‘मागच्या मेलकडे सवडीने एकदा नजर टाकाल का? त्रासाबद्दल क्षमस्व.’ असे तीन होते.

“पैसे मागतेयस की माफी?” वहिनीने विचारलं. “यात बिल हा शब्द तरी आहे का? सरक, मी सांगते तसं लिही.”

धाकटीने लिहिलं. बिलाचा नंबर, तारीख, रक्कम, मुदत कधी संपली ते. ‘बिल आणि बँकेचा तपशील पुन्हा सोबत जोडला आहे. येत्या शुक्रवारपर्यंत रक्कम जमा करावी. काही अडचण असल्यास त्याआधी कळवावे. हे बिल चुकते झाल्यावरच नव्या कॅटलॉगचे काम हाती घेता येईल. आपल्यासोबत काम करताना आनंद झाला, पुढेही होईल.’ शेवटच्या वाक्यावर वहिनीने नाक मुरडलं, पण राहू दिलं. मालकाबरोबर कारखान्याच्या हिशेबनीसालाही प्रत पाठवायची, हेही तिनेच सुचवलं.

तासाभरात हिशेबनीसाचा फोन आला.

“मॅडम, तुमचं बिल आमच्याकडे याआधी आलेलंच नाही.”

“मी मालकांना पाठवलं होतं. कॅटलॉगबरोबरच.”

पलीकडे बराच वेळ माउस टिकटिकला. “अहो, हे होय? हे बिल आहे? साहेबांनी मला ‘बघ किती सुंदर केलंय’ म्हणून पाठवलेलं. मला वाटलं, डिझाईनचा नमुना आहे. मी छापून बोर्डावर लावलंय!”

धाकटीने बिल उघडून पाहिलं. भरपूर मोकळी जागा, कोपऱ्यात एक नाजूक रेघ. रक्कम आणि मुदत तळाशी, मुंगीएवढ्या फिक्या राखाडी अक्षरांत.

“आमच्या प्रिंटरवर खालचं काही उमटलंच नाही,” तो म्हणाला. “आणि तुम्हीही कधी पैशाचं बोलला नाहीत. सवडीने म्हणालात, साहेबांनी सवडीने घेतलं.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच बिलाची, नंबर-तारीख न बदलता, तिने काळ्या ठसठशीत अक्षरांत नवी प्रत करून पाठवली. वर मोठ्यात ‘बिल’, खाली रक्कम, मुदत. इतकं ओबडधोबड काम तिने जन्मात केलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी पैसे जमा झाले.

ऑपरेशनची तारीख घ्यायला ती त्याच पावली दवाखान्यात गेली. “डॉक्टर परगावाहून कधी आले?” तिने काउंटरवर सहज विचारलं.

“डॉक्टर कुठेच गेले नव्हते,” काउंटरवरची बाई म्हणाली. “पेशंटनेच दोनदा तारीख रद्द केली. पैशाची सोय नाही म्हणाल्या.”

धाकटी घरी आली तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून भाजी चिरत होती. दुखरा पाय समोरच्या खुर्चीवर लांब केलेला. धाकटीने पैसे तिच्या खात्यात भरले आणि फोन तिच्यापुढे धरला. मग तिला रडूच आलं.

“वहिनी, मला का नाही मागितलेस? जगाला कसं मागायचं ते तूच शिकवतेस ना?”

वहिनी सुरी फडक्याला पुसत राहिली.

“जगाला मागता येतं गं,” ती म्हणाली. “तू रोज समोर जेवायला बसायचीस.”