डोळ्यांतली पिवळट झाक

बिदरजवळ नौबादला आमचा फोटो स्टुडिओ होता. नवरा लग्नांचे फोटो काढायचा आणि मी मागच्या खोलीत कम्प्युटरवर ते सुधारायची. बाहेरचा उजेड आला की पडद्यावरचे रंग नीट कळत नाहीत, म्हणून खोलीची एकुलती खिडकी आम्हीच पत्रा ठोकून बंद केली होती. लग्नसराईत मी सकाळी आत जायची ती दुकान बंद करायलाच बाहेर यायची.

एकदा जनवाड्याची एक बाई मुलीला घेऊन आली. मुलगी बिदरला नर्सिंग शिकत होती, शेवटचं वर्ष राहिलं होतं. बाईनं पिशवीतून दुसऱ्या स्टुडिओतला फोटो काढून माझ्यासमोर ठेवला. स्थळासाठी काढलेला. बघितल्याबरोबर कळलं काय झालंय ते. मुलीचे डोळे मुळात जरा पिवळट, थकलेले. कुणीतरी ते पडद्यावर खूप मोठे करून खडूसारखे पांढरे केले होते. बुबुळं उजळत नेऊन मधाच्या रंगाची केली होती. अंधारात गाडीच्या दिव्यासमोर मांजर यावं, तसे डोळे चमकत होते.

"दोन घरनं परत आला," बाई म्हणाली. "एकांनी इचारलं, पोरगी घारी हाय का म्हणून. दुसरे म्हणले, लेन्स लावती का."

आमच्याकडे घारी सून म्हटलं की माणसं दबकतात. तिसरं स्थळ पुण्यात कंपनीत नोकरी करणाऱ्याचं होतं आणि बाईला ते हातचं घालवायचं नव्हतं. नवऱ्यानं मुलीचा नवीन फोटो काढला. बाई माझ्या मागं स्टूल ओढून बसली, मुलगी दाराला टेकून उभी राहिली. तिघींना खोली पुरत नव्हती.

थोड्या वेळानं बाईचा फोन वाजला. आत रेंज नसायची, म्हणून ती बाहेर गेली. तेवढ्यात मुलगी पुढं आली.

"अक्का, पहिल्यासारखेच करा ना डोळे."

"कामून?"

"त्या फोटोमुळंच तर वाचायले मी. अजून एक-दोन घरं न्हाई म्हणली की तवर परीक्षा होऊन जाती माझी."

"आईला सांग की मग."

"सांगून दमले. अप्पा म्हणतेत, नर्सबाईला रात्रपाळी असती, कोण करून घेतंय."

मी तिला सांगितलं, फोटोनं लग्न लांबतं, मोडत नाही. मी बिघडवला तर तुझी आई तिसऱ्या दुकानात जाईल. शिवाय जनवाड्याची अर्धी लग्नं आमच्याकडं होती, तेही माझ्या डोक्यात होतं. ती परत दाराला जाऊन टेकली. बाई आत आली आणि मी कामाला लागले.

डोळ्याचा पांढरा भाग खरा पांढरा नसतोच. आधी त्यातला पिवळेपणा कमी करायचा, मग उजेड थोडासाच वाढवायचा. डोळा गोल असतो, म्हणून वरच्या पापणीखालची सावली आणि कडांचा काळपटपणा तसाच ठेवायचा. नाकाकडच्या कोपऱ्यातली लाली पुसायची नाही. बारीक शिरा फिक्या करायच्या, सगळ्या काढायच्या नाहीत. बुबुळाची कड आणि मधली बाहुली काळीच राहू द्यायची. डोळ्यात उमटलेला दिव्याचा ठिपका वर असेल तर खालच्या अर्ध्या भागातला तपकिरी रंग तेवढा जरा उठवायचा. डोळ्यात सगळ्यात उजळ तो ठिपकाच दिसला पाहिजे. शेवटी, केलेल्या सगळ्या कामाचा जोर निम्म्यावर आणायचा आणि फोटो छापील आकारात, मागं सरकून बघायचा. काय केलंय ते सापडलं नाही, तर जमलं.

सापडलं नाही.

"आता कशी झोप झाल्यासारखी दिसायली," बाई म्हणाली. मुलगी पडद्याकडं बघतच नव्हती.

पुण्याकडच्यांना फोटो आवडला. येऊन बघून गेले, फोटोसारखीच आहे म्हणाले. परीक्षेच्या आधीची तारीख निघाली. लग्नाची ऑर्डर आमच्याकडंच आली.

अल्बमचे फोटो त्याच बंद खोलीत माझ्यासमोर आले. हळदीपासून पंगतीपर्यंत प्रत्येक फोटोत नवरीचे डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. बाई परत माझ्या मागं स्टुलावर. म्हणाली, स्थळाच्या फोटोत होते तसे करा. मी एकेक करत गेले. लाली कमी केली, सावली राखली, रंग जागेवर आणला. अल्बममधली नवरी झोप पुरी झालेली, शांत दिसायला लागली.

सासरी निघतानाचा फोटो शेवटचा होता. त्यात मी काही केलं नाही. त्या वेळी नवरीचे डोळे स्वच्छ दिसले तर फोटो खोटा वाटतो. बाईनंही तो लाल डोळ्यांचा फोटो बराच वेळ बघितला.

"ह्यो राहू द्या असाच," ती म्हणाली. "जाताना पोरगी रडलीच पायजे."