दिवाळीला जोडलेले तीन दिवस

सोलापूरच्या कचेरीत मी कारकून होतो तेव्हा नव्या वर्षाची सुट्ट्यांची यादी भिंतीवर लागण्याआधी माझ्या हातून जाई, कारण तिच्या नकला मीच करायचो. कुठली सुट्टी कुठल्या वारी येते, हे मला तोंडपाठ असे. या हुशारीची मला भारी ऐट होती.

त्या वर्षी दिवाळी मंगळवार ते गुरुवार आली. सोमवार, शुक्रवार, शनिवार अशी तीन दिवस किरकोळ रजा काढली, की रविवार ते रविवार आठ दिवस घरी. नुसतं ‘घरी जायचंय’ म्हटलं असतं तर सुट्टीच्या दोन्ही बाजूंना रजा मिळाली नसती. म्हणून मी अर्जात लिहिलं, ‘आई अत्यवस्थ.’

हेडक्लार्कनी अर्ज वाचला. “आजारपणालाही पंचांग कळतं वाटतं,” ते म्हणाले. मग माझ्या टेबलावरच्या दुसऱ्या कारकुनाचा अर्ज पुढे ओढला. “यांनाही सोमवार हवाय. टेबलावर एक माणूस पाहिजेच. तुमचं तुम्ही ठरवा.”

हे माझे सोबती मंद्रूपचे, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. त्यांच्या एकुलत्या एका लेकीचा तो पहिला दिवाळसण होता. बार्शीकडच्या तिच्या सासरी माहेरचा मुराळी न्यायला गेल्याशिवाय सून पाठवत नसत, आणि मुराळी जायला यांना ना मुलगा ना भाऊ. रविवारी जाऊन सोमवारी लेक-जावयाला आणलं, तरच मंगळवारचं पहिलं अभ्यंगस्नान माहेरी होणार. मला फक्त एक सोमवार सोडायचा होता.

मी माझा अर्ज तसाच राहू दिला. आता मागे सरलो तर आईचं आजारपण खोटं ठरेल, ही एक भीती. आणि खरं सांगायचं तर आठाचे सहा दिवस होतील, हा हावरटपणा.

त्यांनीच आपला अर्ज उचलला आणि फाडला. “आईपरीस दिवाळसण मोठा न्हाय. तुमी जावा की.”

मी गेलो. आई चुलीपुढे बसून चकल्या तळत होती. मी आठ दिवस खाल्लं आणि झोपलो.

परतलो त्या सोमवारी त्यांना विचारलं, “लेक आली का?”

“न्हाय. मंगळवारी गेलो. अंघोळी झाल्या, आता कशाला नेताय, म्हनले व्याही. आलो मागारी.” माझ्यावरचा राग त्यांच्या आवाजात शोधूनही सापडला नाही. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. “पाडव्याला सिद्धेश्वराला गेलतो. तुमच्या आईसाठी इभूत हाय. उतार पडला का त्यास्नी?”

खरं बोलायला तेवढीच जागा होती. मी पुडी घेतली, कपाळाला लावली आणि म्हणालो, “हो, आता बरी आहे.”

“देव पावला,” म्हणून त्यांनी तिथेच हात जोडले.