रोखे आणि रोख

शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत मी पॅकिंगला होते. सुपरवायझर व्हायला पदवी लागायची, म्हणून चाळिशीनंतर बी.ए.ला बाहेरून नाव घातलं. माझ्याच लाइनवरची करमाडची मैत्रीण सोबत आली. शेवटी इतिहासाचा एक स्वाध्याय उरला: लांबलेल्या युद्धांचा खर्च सरकारांनी कसा भागवला? त्यात पास झालं तरच पदवी.

महिनाभर वाचलं. जेवणाच्या सुट्टीत तिलाही समजावलं. कर वाढवला तर पैसा सावकाश येतो आणि लोक चिडतात. युद्ध थांबत नाही. मग सरकार कर्ज काढतं. तेही पुरेना झालं की नोटा छापतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी इथला माल उचलला, त्याचे पौंड लंडनच्या खात्यात मांडले आणि त्या भरवशावर इथं रुपये छापले. कापड, धान्य सैन्याकडं गेलं, हातात नोटा वाढल्या, भाव भडकले. पगार मात्र तेवढाच.

"म्हंजी दोन्हीकडून आपल्यालाच कापलं की, ताई!" ती म्हणाली. मला बरं वाटलं. तिनं वही मागितली. "नुसती नजर टाकते." माझा स्वाध्याय त्यातून उतरवून झाला होता, मी दिली.

पुढच्या महिन्यात अभ्यासकेंद्रावर स्वाध्याय तपासणाऱ्या सरांनी दोघींना बोलावलं. दोन्ही स्वाध्याय जवळजवळ शब्दाला शब्द सारखे.

"कुणी उतरवलं?"

"मी ताईंना माझी वही दिली होती, सर," ती लगेच म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. ती भिंतीवरचं वेळापत्रक वाचत होती.

सर दोन्ही बाद करणार होते. तेवढ्यात तिच्या पानावर अडले. "'सरकारने जनतेला रोख विकली.' नोटा देऊन नोटाच घेतल्या का, बाई?"

तोंडी सांगताना मी कर्ज म्हणायचे; वहीत रोखे लिहिलं होतं. माझं अक्षर बारीक, मात्रा पुसट. तिनं सगळीकडं रोख केलं होतं, आणि वाक्य जुळावं म्हणून 'विकले'चं 'विकली'.

"रोख म्हणजे... रोखीचा व्यवहार, सर."

"तुम्ही सांगा," सर मला म्हणाले.

"रोखे, सर. सरकारचा कर्जाचा कागद. आज लोक, बँका पैसे देतात, सरकार व्याज देतं, मुदतीनंतर मुद्दल. हे दोन्ही पुढं कर लावून किंवा नवे रोखे विकून फेडायचं. म्हणजे आजच्या लढाईचा कर उद्यावर ढकलला. मधल्या काळात भाव दुप्पट झाले, तर परत आलेल्या पैशात निम्माच माल येतो. कागदावर सरकारनं शब्द पाळला, देणारा बुडाला."

सरांनी माझ्या पानावर सही केली. तिचं पान परत दिलं. "पुढच्या वर्षी स्वतः लिहून आणा."

जिन्यात ती थांबली. माफी मागेल असं मला वाटलं.

"जरा ठळक लिहायला काय झालं होतं, ताई? तुमच्या अक्षरानं माझं वर्ष घालवलं."

ती हे मनापासून बोलत होती. मी तिच्याकडं राहिलेली माझी वही घेतली आणि खाली उतरले.