मिनलनं न बदललेलं वाक्य

बुटीबोरीच्या कोरियन कारखान्यात मिनल दुभाषी आहे. तिथं आमच्याच पाळीतल्या रोशननं फोरमनचं डोकं पान्यानं फोडलं. माथं फिरलं तरी पाना उचलायचा नसतो, हे मी रोशनच्या तोंडावर सांगेन. पण ऐका.

चौकशीत कोरियन इंजिनिअरनं पाहिलेलं सांगितलं: "बान्जांगी योखेसॉ रोशानी त्तेर्यस्सॉयो."

मिनलनं मराठीत सांगितलं, "फोरमननं शिवी दिली म्हणून रोशननं मारलं."

पट्टी बांधलेला फोरमन ओरडला, "काहून लावून राहिली वं 'म्हणून'? 'आणि मग' म्हण!"

"नुसतं 'आणि' असतं तर साहेब 'योखागो' म्हणाले असते. ते 'योखेसॉ' म्हणाले. ती शिवीच कारण आहे."

फोरमननं तिच्या कानाखाली अशी वाजवली, की ती खुर्चीसकट आडवी झाली. ओठ फुटला. आम्ही सगळे षंढासारखे बसून राहिलो.

मिनल उठली. रक्त गिळून इंजिनिअरला म्हणाली, "त्तेर्यत्जिमान आन बाक्क्वॉयो."

मग फोरमनकडे वळली.

"तुह्यासाठी मराठीत सांगतो. तू मारलं, तरी मी बदलत नाही गा."