वाढलेला छेद

पंधरा वर्षे मावळातल्या शाळांत शिकवूनही मी अनट्रेंडच होतो, म्हणजे मास्तरकीचे प्रशिक्षण न घेतलेला. चाळिशी उलटल्यावर हुकूम आला की अशा मास्तरांनी लोणावळ्याच्या वर्गात सहा महिने शिकावे आणि शेकडा साठ गुण राखावेत. नाही राखले, तर जागा ट्रेंड माणसाला. घरात आम्ही सहा माणसे होतो.

वर्गात प्रत्येक कामाला गुण ठरलेले असत. मिळालेले सगळे अंशात, ठेवलेले सगळे छेदात, आणि त्यावरून शेकडा. भिंतीवरच्या तक्त्यावर हे शाईने लिहिलेले असे. शेवटच्या आठवड्यात माझे एकशे ऐंशीपैकी एकशे चौदा होते. शेकडा त्रेसष्टाच्या थोडे वर. शनिवारी यादी वर जायची होती. मी निश्चिंत होतो.

सोमवारी मुख्य गुरुजींनी आणखी एक काम दिले. जवळच्या एका गावाची पाहणी, गुण चाळीस, मुदत पुढच्या बुधवारपर्यंत. तक्ता लिहिणाऱ्या कारकुनाची रीत अशी, की काम सांगितले की लगेच छेद वाढवायचा. मधल्या सुटीत मी पाहिले तर माझ्या नावापुढे दोनशे वीसपैकी एकशे चौदा. मनातल्या मनात भागाकार केला. बावन्नसुद्धा होत नव्हते. मी एक गुणही गमावला नव्हता. नुसता खालचा आकडा फुगला होता. पण यादी शनिवारी जाणार आणि पाहणी तपासली जाणार त्यानंतर.

त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

संध्याकाळी मुख्य गुरुजींकडे गेलो. म्हणालो, "जे काम अजून झालंच नाही, ते छेदात कसं धरायचं? शनिवारच्या यादीपुरते ते चाळीस वगळावेत."

"शाईनं लिहिलंय, खोडणार नाही," ते म्हणाले. "तुम्हाला एवढी घाई आहे तर सगळ्यांनीच गुरुवारी पाहणी द्या. शुक्रवारी तपासतो."

दुसऱ्या दिवशी वर्गाने मला सोडले नाही. "हिशेब तुमचा आणि पायपीट आमची," एकजण म्हणाला. माझ्या शेजारी तळेगावचे एक मुसलमान मास्तर बसत. तेवढे मात्र हसून म्हणाले, "असू द्या हो. बावन्नवाल्याची काळजी पंचेचाळीसवाल्यानं करायची का?" त्यांचे दोनशे वीसपैकी नव्याण्णव होते. त्यांचा स्वभाव असाच, म्हणून मी पुढे विचार केला नाही.

मी फक्त माझे गणित केले. दोनशे वीसचे शेकडा साठ म्हणजे एकशे बत्तीस. मला अठरा हवे होते. चाळीसपैकी अठरा म्हणजे निम्मेसुद्धा नाहीत. तरी धीर येईना. अठरा न मिळाले तर, हे एकच डोक्यात.

त्या तळेगावच्या मास्तरांच्या आणि माझ्या वाट्याला वळवण गाव आले. मी वही घेऊन घरोघर फिरलो. घरे, विहिरी, गुरे, लिहिता येणारी माणसे, सगळे मोजले. एका म्हातारीने विचारले, "मास्तर, घरं कशाला मोजताय? आमी काय पळून चाललोय व्हय?" मी तिच्या शेळ्या किती ते विचारले. माझे सोबती तेवढ्यात एका ओट्यावर चहा पीत बसले होते. दोन्ही दिवस ते मला तिथेच दिसले. मला त्यांची कीव आली.

शुक्रवारी संध्याकाळी वह्या मिळाल्या. माझ्या वहीवर एकवीस, आणि खाली शेरा: आकडे आहेत, गाव नाही. एकशे चौदा आणि एकवीस, एकशे पस्तीस. शेकडा एकसष्टाच्या थोडे वर. दोन टक्के घसरलो, पण जागा राहिली. तक्त्यापुढे उभा राहून मी ती बेरीज चार वेळा केली.

मग शेजारची, माझ्या सोबत्यांची ओळ दिसली. तेहेतीस. कुठल्या विहिरीवर कोण पाणी भरते, शाळेत पोरे का येत नाहीत, हे सगळे त्यांनी त्या ओट्यावर बसून ऐकून लिहिले होते. नव्याण्णव आणि तेहेतीस, एकशे बत्तीस. बरोबर साठ.

ते मागे येऊन उभे राहिले. "मास्तर, चहाचे मार्क पडले," म्हणाले. मग सहज विचारले, "सोमवारी मुख्य गुरुजींकडं नेमकं काय मागितलं होतं तुम्ही?"

खोटे बोलता आले असते. "यादीतून ते चाळीस वगळा म्हणालो," मी सांगितले.

ते तक्त्याकडे पाहत राहिले. ओठ हलत होते. "एकशे ऐंशीत नव्याण्णव," ते हळू म्हणाले. "किती होतात?"

"पंचावन्न."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी तुमचं गणित केलंच नव्हतं," मी म्हणालो. ते खरे होते, आणि सांगताना ते अधिकच वाईट वाटले.

त्यांनी मान हलवली आणि स्वतःची ओळ बोट ठेवून पुन्हा एकदा वाचली.