पाच तारे आणि पाऊण टन

आमच्या वरच्या मजल्यावर, पत्र्याच्या खोलीत, इस्त्रीवाल्या वहिनी राहतात. त्यांचे पती अंथरुणाला खिळले होते आणि हा उन्हाळा त्यांना सोसवणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून वहिनींनी मोबाइलवर एसी मागवण्याचे ठरवले. त्यांना वाचता येत नव्हते आणि प्रौढ वर्गात मी नुकताच वाचायला शिकलो होतो, म्हणून मला बोलावले.

एका एसीच्या चित्रावर मी पाच तारे मोजले आणि म्हणालो, "हाच सर्वांत चांगला." शेजारी 'पाऊण टन' लिहिले होते. तेही मी वाचले, पण त्याचा अर्थ कोणाला विचारला नाही.

बसवणारा मिस्त्री आला आणि छताकडे पाहून हसला.

"आजोबा, तारे मोजून गारवा मिळत नाही! ते विजेची बचत सांगतात, गारवा किती ते टन सांगतात. या तापल्या पत्र्याखाली दीड टन हवा. शिवाय फुकट बसवणे तीन मीटर नळीपर्यंतच. पुढची नळी आणि बाहेरच्या यंत्राचा स्टँड यांचे वेगळे पैसे. परत पाठवता का?"

"दुसरा यायला आठवडा जाईल," वहिनी म्हणाल्या. "ह्यांच्याकडे तेवढा वेळ नाही. लावा."

एसी रात्रंदिवस चालला, तरी दुपारी खोली भट्टीसारखीच राहिली. नवव्या दिवशी वहिनींचे पती गेले.

"भाऊजी, तुम्ही जे दिसले ते वाचलेत," इतकेच वहिनी मला म्हणाल्या. त्या आजही त्याच खोलीत इस्त्री करतात. एसी बंद असतो.