मधल्या बोलण्याचा निकाल

रत्नागिरीच्या इस्पितळात मी वॉर्डात मावशी आहे. नवे इंटर्न आले की आमच्या डॉक्टर मॅडम पहिल्याच दिवशी त्यांना समजावतात, "शेवटी मी रोजचं काम, पेशंटशी वागणं आणि लॉगबुक बघून ठरवणार. काम समाधानकारक नसेल तर इथली पोस्टिंग वाढेल. मध्ये जे सांगेन ते मार्क नव्हेत, सुधारण्यासाठी आहे. कळलं नाही तर विचारा, आणि बदल करून दाखवा."

एकदा पोस्टिंगच्या मध्यावर त्यांनी एका इंटर्न मुलीला सांगितलं, "तू पेशंटशी बोलतच नाहीस." ती माझ्यासारखीच बुजरी. तिला तोच निकाल वाटला. मॅडम राउंडला आल्या की ती सगळ्यांच्या मागे उभी राहायची.

"जा गो, कसं बोलायचं ते विचार त्यांना," मी म्हटलं.

"मावशी, परत तेच ऐकून घेऊ?"

शेवटी तिची पोस्टिंग वाढली. बाकीची मुलं हसत पुढच्या विभागात गेली. दुसऱ्या सकाळी ती मिरकरवाड्याच्या एका आजोबांच्या खाटेशी गेली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, रात्री दम लागला का?" ते बोलू लागले. ती ऐकत होती, पण तिच्या बरोबरीचं तिथं आता कुणी नव्हतं.